‘उष्णता’ प्रकरणातला बर्फ आणि प्रश्नांची शिडी

प्रश्न: आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी दहावीच्या सहा मुलांचा गट घेते. ‘उष्णता’ प्रकरणाच्या व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत, पण जरा वेगळं काही विचारलं की सगळे गप्प. धड्यावरून पाठांतरापासून वापरापर्यंत चढत जाणारे प्रश्न नेमके कसे काढायचे?

उत्तर:

सगळ्यात आधी, अख्ख्या प्रकरणाची एक शिडी करू नका. ‘उष्णता’ हे नावाला एक प्रकरण आहे. आत अप्रकट उष्मा आहे, पाण्याचं असंगत आचरण आहे, दवबिंदू आणि आर्द्रता आहे, विशिष्ट उष्माधारकता आहे. सगळ्यांतून दोन-दोन सोपे आणि दोन-दोन अवघड प्रश्न उचलले तर प्रश्नपत्रिका होते, शिडी होत नाही. शिडीत खालच्या पायरीचं उत्तर वरच्या पायरीवर हातात लागतं. होपच्या उपकरणाची आकृती आली म्हणून वाफेचं उदाहरण सुटत नाही. म्हणून एका संध्याकाळी एकच धागा घ्या. मी इथे अप्रकट उष्म्याचा धागा घेतो. तो पुढे विशिष्ट उष्माधारकतेला जाऊन मिळतो, आणि मुलं सर्वांत जास्त अडखळतात तीही तिथेच.

दुसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. शिडी वरून खाली बांधायची. पहिल्या ओळीपासून प्रश्न काढत गेलं की आपण व्याख्यांमध्येच अडकतो, वरपर्यंत पोचेस्तोवर वेळही संपतो आणि उमेदही. आधी सगळ्यात वरचा प्रश्न लिहा: पुस्तकात नसलेला, मुलांच्या डोळ्यांसमोरचा, आणि धड्यात जेवढं शिकवलंय तेवढ्यावरच सुटणारा. ही शेवटची अट मी शिकलो ती चुकून. एका वर्षी मी वरच्या पायरीवर कुल्फीचा प्रश्न ठेवला होता: मटक्यात बर्फाबरोबर मीठ का घालतात? मुलं अर्धा तास झगडली आणि हिरमुसून घरी गेली. मीठ घातल्यावर बर्फ शून्याच्याही खालच्या तापमानाला वितळतो, हे या प्रकरणात कुठेच नाही. प्रश्न चांगला होता, पण त्याचा पाया त्यांच्या पुस्तकात नव्हता, आणि मी ते तपासलं नव्हतं.

आता मी वरचा प्रश्न असा ठेवतो. मासे विकणाऱ्या बाईकडे १० किलो मासे आहेत, तापमान ३० अंश सेल्सिअस. ते शून्य अंशापर्यंत थंड करायचे आहेत. माशांची विशिष्ट उष्माधारकता ०.८ कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश धरा. शून्य अंशाचा बर्फ कमीत कमी किती लागेल? आणि बर्फाऐवजी तेवढंच शून्य अंशाचं पाणी ओतलं तर चालेल का?

हा प्रश्न आधी आपण स्वतः सोडवायचा, आणि सोडवताना आपल्याला काय काय लागलं ते कागदाच्या बाजूला लिहीत जायचं. १०,००० ग्रॅम मासे ३० अंशांनी थंड व्हायचे, म्हणजे १०,००० × ०.८ × ३० = २,४०,००० कॅलरी उष्णता बाहेर पडायला हवी. शून्य अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो. २,४०,००० भागिले ८०, म्हणजे ३,००० ग्रॅम. तीन किलो बर्फ. आता तीन किलो थंड पाणी. माशांनी गमावलेली उष्णता पाण्याने मिळवली, म्हणून ८,००० × (३० − T) = ३,००० × T, आणि T येतं साधारण २२ अंश. तीच तीन किलो वस्तू, तेच शून्य तापमान, पण बर्फाने मासे शून्यावर आले आणि पाण्याने जेमतेम २२ वर. हा फरक मुलाला आकड्यात दिसला की अप्रकट उष्मा त्याला कळला असं मी धरतो.

बाजूच्या यादीत काय आलं ते बघा. एक, बर्फ वितळताना तापमान हलत नाही आणि प्रत्येक ग्रॅमला ८० कॅलरी जातात. दोन, न हललेल्या तापमानातही उष्णता आत जात असते, म्हणजे ती मोजता येते. तीन, उष्णता दिली आणि घेतली यांचं समीकरण मांडता येतं. चार, समीकरण मांडण्याआधी बर्फ पूर्ण वितळतो की उरतो ते ठरवावं लागतं. ही चौथी गोष्ट पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांत जवळजवळ दिसतच नाही, कारण तिथे आकडे असे निवडलेले असतात की बर्फ नेहमी पूर्ण वितळतो. या यादीतल्या एकेका गोष्टीवर खालच्या पायऱ्या उभ्या राहतात. बी.एड.ला ब्लूम यांची १९५६ सालची सहा पातळ्यांची मांडणी सगळ्यांनी लिहिलेली असते. ती चुकीची नाही, पण गटात बसून सहा पातळ्या मोजत बसू नका. दहावीच्या एका धाग्याला चार पायऱ्या पुरतात.

पहिली पायरी आठवणीची. ओळखायची खूण सोपी आहे: उत्तराच्या ओळीवर पुस्तकात बोट ठेवता येतं. बर्फ वितळत असताना त्याचं तापमान किती असतं? विलयनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा म्हणजे काय? बर्फासाठी त्याचं मूल्य किती, आणि पाण्याच्या बाष्पनासाठी किती? बस, एवढेच चार. पुस्तक मिटून, प्रत्येकाने वहीत एकट्याने लिहायचे, मग पुस्तक उघडून स्वतःच तपासायचे. दहा मिनिटांच्या वर इथे थांबू नका. मुलांना इथे बरं वाटतं, म्हणून ती इथे रेंगाळतात. ८० आणि ५४० हे दोन आकडे वहीच्या कोपऱ्यात चौकटीत लिहून घ्या, म्हणजे पुढे कोणी आकडा विसरला म्हणून अडणार नाही. पुढच्या पायऱ्यांवर आपल्याला स्मरणशक्ती तपासायची नाही.

दुसरी पायरी समजलंय का ते बघण्याची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यावी. इथे बहुतेक जण ‘कारणे द्या’ टाकतात. ‘१०० अंशाच्या पाण्यापेक्षा १०० अंशाच्या वाफेने जास्त भाजते, कारण द्या.’ दिसायला हा समजुतीचा प्रश्न आहे, पण प्रत्येक गाईडमध्ये त्याचं उत्तर छापलेलं असतं आणि मुलांनी ते घोकलेलं असतं. ज्याचं उत्तर पाठ आहे तो प्रश्न आठवणीचाच, मग त्याच्या आधी ‘का’ असो की ‘कसे’. हीच गोष्ट स्वाध्यायातल्या गुणांचीही. पाच गुणांचा प्रश्न म्हणजे वरची पायरी असं नसतं, कित्येकदा ते फक्त लांब पाठांतर असतं.

त्याऐवजी मी हा प्रश्न विचारतो. एका भांड्यात शून्य अंशाचा बर्फ आहे. शेगडी एकसारख्या वेगाने उष्णता देतेय आणि ती सगळी बर्फालाच मिळतेय असं धरा. बर्फ पूर्ण वितळायला ८ मिनिटं लागली. पाणी उकळायला लागेपर्यंत आणखी किती मिनिटं लागतील? आणि उकळायला लागल्यापासून भांडं कोरडं होईपर्यंत किती?

पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘सर, वस्तुमान दिलेलंच नाही.’ हे ऐकलं की समजायचं, प्रश्न योग्य जागी बसला. सूत्रात घालायला आकडाच नाही म्हटल्यावर मुलांना विचार करावा लागतो. एक ग्रॅम वितळायला ८० कॅलरी, तोच ग्रॅम शून्यापासून शंभरापर्यंत तापायला १००, आणि वाफ व्हायला ५४०. वजन काहीही असो, प्रमाण तेच. म्हणून ८ मिनिटं, मग १० मिनिटं, मग ५४ मिनिटं. याचा आलेख वहीत काढायला लावा आणि काढताना त्यांच्या खांद्यावरून बघा. ज्याने फक्त पुस्तकातली आकृती पाठ केलीय तो दोन आडव्या रेघा सारख्याच लांबीच्या काढतो. ज्याला कळलंय त्याची दुसरी आडवी रेघ पान ओलांडायला लागते आणि तो वही आडवी धरतो. त्या वही आडवी धरण्याची मी वाट बघतो. ती दिसली नाही तर मी तिसऱ्या पायरीवर जात नाही, संध्याकाळ संपली तरी चालेल.

तिसरी पायरी म्हणजे उदाहरणं. इथे चूक होते ती आकडे बदलण्याची. १५० ग्रॅमच्या जागी २०० ग्रॅम केले म्हणजे नवा प्रश्न झाला असं वाटतं, पण हात तेच करतात आणि डोकं झोपलेलं राहतं. आकडा असा बदला की परिस्थितीच बदलेल. या प्रकरणाच्या स्वाध्यायात एक प्रसिद्ध उदाहरण आहे: शून्य अंशाच्या १५० ग्रॅम बर्फात १०० अंशाची किती वाफ सोडावी म्हणजे ५० अंशाचं पाणी मिळेल? उत्तर ३३ ग्रॅम. ते आधी नीट सोडवून घ्या. मग एवढंच विचारा: ३३ ऐवजी फक्त १० ग्रॅम वाफ सोडली, तर शेवटचं तापमान किती?

गेल्या वर्षी माझ्या गटात पाच जण होते. चौघांनी तेच समीकरण मांडलं, १५० × ८० + १५० × T = १० × ५४० + १० × (१०० − T), आणि काही मिनिटांत T = −३५ काढून त्याखाली दोन रेघा ओढल्या. पाचवी मुलगी पेन तोंडात धरून बसली होती. ती म्हणाली, ‘सर, वाफ सोडल्यावर बर्फ अजून गार कसा होईल?’ मी काहीच बोललो नाही, फक्त तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं. चौघांनीही आपापल्या वहीकडे पाहिलं.

तिथून उत्तर मुलांनीच काढलं. दहा ग्रॅम वाफ पाणी होऊन शून्यावर आली तर जास्तीत जास्त किती उष्णता देईल? ५,४०० आणि १,०००, म्हणजे ६,४०० कॅलरी. सगळा बर्फ वितळायला किती हवी? १२,०००. म्हणजे पुरणारच नाही. ६,४०० कॅलरीत फक्त ८० ग्रॅम बर्फ वितळेल, ७० ग्रॅम उरेल, भांड्यात ९० ग्रॅम पाणी असेल आणि सगळं शून्य अंशावर थांबेल. समीकरण खोटं नव्हतं, पण त्यात ‘सगळा बर्फ वितळला’ हे आपण न विचारता धरलेलं होतं. लगेच पुढचा अर्धा प्रश्न: मग सगळा बर्फ जेमतेम वितळायला कमीत कमी किती वाफ हवी? १२,००० भागिले ६४०, साधारण १९ ग्रॅम. आता मुलांच्या हातात एक सीमा आली. त्याच्या खाली असाल तर तापमान शून्य, वर असाल तर समीकरण मांडा.

या पायरीवर घाई होते ती आपल्याकडून. शांतता सहन होत नाही आणि आपण सूत्र सुचवतो. मूल अडलं तर उत्तर सांगू नका, एक पायरी खाली न्या. ‘वाफेकडे एकूण किती आहे?’ हेही जमेना, तर आणखी खाली: ‘१ ग्रॅम वाफ पाणी होताना किती देते?’ तुमच्या शिडीत हे खाली जाणारे प्रश्न आधीच लिहिलेले असले पाहिजेत, ऐन वेळी सुचत नाहीत. मी प्रत्येक वरच्या प्रश्नाच्या मागे पेन्सिलने दोन लिहून ठेवतो.

दुसरी अडचण हुशार मुलाची. प्रत्येक गटात एक जण असतो जो प्रश्न संपायच्या आत बोलतो, आणि बाकीचे त्याच्या मागे ‘हो हो’ करतात. यावर मला एकच गोष्ट लागू पडलेली आहे. तिसऱ्या पायरीपासून प्रत्येकाने आधी वहीत आपला अंदाज लिहायचा, नुसता ‘शून्य’, ‘शून्याच्या वर’, ‘सांगता येत नाही’ एवढाच, आणि मग बोलायचं. लिहिलेला अंदाज चुकला की मूल स्वतःहून विचारतं, आपल्याला विचारावं लागत नाही. त्या मुलाला मी आकडे न देता अवघड काम देतो: ‘उत्तर शून्य येईल असं उदाहरण बनव.’ ते बनवताना तोही शांत बसतो, आणि बनवलेलं उदाहरण पुढच्या आठवड्यात इतरांना उपयोगी पडतं.

मग चौथी पायरी, माशांची. इथपर्यंत आलेल्या मुलांना ती जड जात नाही, आणि जाऊ नयेच. वरची पायरी म्हणजे कोडं नव्हे. खाली जे जमलं ते अनोळखी जागी ओळखता येतं का, एवढंच तिथे बघायचं. तीन किलोचं उत्तर आलं की मी आकडे फिरवतो. दोनच किलो बर्फ असेल तर? आता बर्फ पूर्ण वितळतो, समीकरण चालतं आणि मासे ८ अंशांवर थांबतात. चार किलो असेल तर? एक किलो बर्फ उरतो आणि तापमान शून्यच. ज्या मुलाने मागच्या पायरीवर −३५ लिहिलं होतं तो इथे आधी ‘बर्फ उरतो का’ हे तपासतो की थेट समीकरणावर उडी मारतो, एवढंच मी बघतो. उडी मारली तर चार किलोला त्याचं उत्तर उणे येतं आणि त्याचं त्यालाच कळतं.

वेळेचा हिशेब सांगायचा तर पहिल्या पायरीला दहा मिनिटं, दुसरीला पंचवीस, तिसरीला तीस आणि चौथीला वीस. दुसरी लांबली तर चौथी पुढच्या आठवड्यावर ढकला, पण दुसरी कापू नका. आणि शिडी बरोबर बसली की नाही हे आठ दिवसांनी कळतं. पुढच्या वेळी आल्या आल्या, काहीही न सांगता, फळ्यावर लिहा: २०० ग्रॅम पाणी, तापमान ४० अंश, त्यात शून्य अंशाचा १५० ग्रॅम बर्फ. शेवटी काय? पाणी शून्यावर येताना ८,००० कॅलरी देतं, तेवढ्यात १०० ग्रॅम बर्फ वितळतो, ५० ग्रॅम उरतो. सहापैकी चौघांनी समीकरणाआधी ही तपासणी केली तर पुढे आर्द्रतेचा धागा घ्या. नाही केली तर तिसऱ्या पायरीवर परत या, पहिलीवर नको. व्याख्या त्यांना येतातच, तुम्ही स्वतःच म्हटलंय.

आर्द्रतेची शिडी याच पद्धतीने बांधा, वरचा प्रश्न सुचवून ठेवतो: दोन बंद खोल्या सारख्याच आकाराच्या, दोन्हींत सापेक्ष आर्द्रता ६० टक्के, एकीचं तापमान २० अंश आणि दुसरीचं ३०. ओले कपडे कुठे लवकर वाळतील? टक्केवारी सारखी म्हणून ‘दोन्हीकडे सारखेच’ म्हणणारी मुलं सापडतील. निरपेक्ष आणि सापेक्ष आर्द्रतेतला फरक व्याख्येत कळला होता की खरोखर, ते तिथे दिसेल. पाण्याच्या असंगत आचरणाची शिडी मात्र चार पायऱ्यांची होत नाही. तिथे आकडेमोड जवळजवळ नाहीच, म्हणून तिसरी पायरी ओढूनताणून आणू नका.

माशांच्या प्रश्नाचं एक राहिलं. तो पेन तोंडात धरणाऱ्या मुलीच्या आजीवरूनच मी केला होता. आजी बाजारात मासे विकते. मुलीने घरी जाऊन तिला तीन किलोचं उत्तर सांगितलं. आजी म्हणाली, तीन किलोत काय होतंय, जेवढे मासे तेवढा बर्फ घ्यावा लागतो. पुढच्या आठवड्यात मुलगी ते वाक्य गटात घेऊन आली, आणि आम्ही फळ्यावर लिहिलं: मासे थंड करायला ३ किलो पुरतात, मग उरलेला ७ किलो बर्फ कशासाठी? थर्माकोलच्या पेटीतून बाहेरची उष्णता आत येत राहते, झाकण दर गिऱ्हाइकाला उघडतं, हे मुलांनीच सांगितलं. त्या ७ किलोंत ५,६०,००० कॅलरी शोषायची ताकद आहे, हेही त्यांनीच काढलं. मग एकाने विचारलं की पेटीतून तासाला किती उष्णता आत येते ते मोजायचं कसं. पुढच्या शनिवारी आम्ही एक थर्माकोलची पेटी, एक किलो बर्फ आणि वजनकाटा घेऊन बसलो, आणि दर तासाला वितळलेलं पाणी काढून त्याचं वजन वहीत लिहीत गेलो.